खिडकीतून काय दिसतं?

मुलाखतीच्या खोलीबाहेरचा बोळ लांबलचक होता. छताला बसवलेल्या हिरव्या काचांमधून उजेड झिरपत खाली येई आणि फरशीवर त्याची जाळी हलत राही. भिंतीपलीकडे रुग्णवाहिकांची कंट्रोल रूम होती. तिथून माणसांचं बोलणं ऐकू येत होतं, पण शब्द कळत नव्हते, नुसती लय कळत होती. बाकावर बसल्या बसल्या तिला वाटलं, आपण तरणतलावाच्या तळाशी बसलो आहोत आणि वर काठावर कुणीतरी आपल्याविषयी बोलत आहे.

तळाशी बसायची तिला लहानपणापासून सवय होती. बाबा पोहण्याचे मास्तर. पोरीला चालता येण्याआधी पाण्यात सोडलं, असं आई अजूनही तक्रारीच्या सुरात सांगते. पण पाण्यात वाढूनही पोरगी थंड झाली नाही. नाकाच्या शेंड्यावर राग, शब्दाला शब्द तयार. म्हणून बाबांनी तिचं नाव ठेवलं ठिणगी, आणि घरात तेच चिकटलं. ती छत्तीस वर्षांची झाली तरी ते विझलं नाही.

आज सकाळी ती निघताना दादा दाराला टेकून हसत होता.

“तू आणि शांत डोक्याची नोकरी? अगं, तुला चुकीचा नंबर लागला तरी समोरचा माफी मागून फोन ठेवतो.”

“ऑफिसला जा तू.”

“बघ, लागलीच पेटलीस. मी तर अजून चांगलंच बोलत होतो.”

“दादा!”

आई आतून म्हणाली, “तिला छळू नकोस रे. आणि तू, ठिणगे, ऐक. ते काही बोलले तर उलट उत्तर देऊ नकोस. पण पडतंही घेऊ नकोस.”

“म्हणजे नक्की काय करू?”

“ते मला काय माहीत? मला मेलीला कोण मुलाखतीला बोलावतंय!”

घरात हसू उमटलं, बऱ्याच दिवसांनी. मग सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं की आपण हसतोय, आणि जो तो आपापल्या कामाला लागला. बाबांना जाऊन सात महिने झाले होते.

“या!” आतून हाक आली. हाक कसली, दटावणीच.

खोली लहान होती. टेबलामागे कंट्रोल रूमचा पाळीप्रमुख बसला होता. जाडजूड, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, हातात मोबाईल. त्याच्या बाजूला जरा मागे सरकून एक पिकल्या केसांच्या बाई वही उघडून बसल्या होत्या. त्यांनी मान किंचित हलवली. पाळीप्रमुखाने तीही हलवली नाही. ती खुर्ची ओढून बसली.

“बसा म्हटलं का मी?”

ती उठली. “माफ करा. बसू का?”

“आता बसलाच होतात तर बसा.” तो मोबाईलकडेच बघत होता. “बोला. कशाला हवी ही नोकरी?”

“मी अकरा वर्षं दूरध्वनी कंपनीत तक्रारी घेत होते. तिथे दिवसाला सत्तर-ऐंशी...”

“बिल जास्त आलं म्हणून ओरडणारी माणसं. इथे मरणारी असतात. पुढे.”

“हो, फरक मोठा आहे. पण ऐकून घेण्याचं काम...”

“ऐकून घेणं म्हणजे काम नव्हे. पुढे.”

“मला असं म्हणायचं होतं की...”

“काय म्हणायचंय तेच तर कळत नाहीये!”

“मला बोलू तर द्या!”

शब्द सुटला आणि भिंतीवर आपटून परत आला. पिकल्या केसांच्या बाईंचं पेन वहीवर चाललं, अगदी थोडंसं, जेमतेम एका शब्दाइतकं. पाळीप्रमुखाने प्रथमच वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. एखाद्याने दगड टाकून विहिरीची खोली अजमावावी, तसा तो तिच्याकडे बघत होता.

झालं, तिला वाटलं. तीन मिनिटंसुद्धा टिकले नाही. दादा जिंकला.

आणि मग ते नेहमीचं झालं. गेले सात महिने ते केव्हाही होई. भांडी घासताना होई, रांगेत उभं असताना होई. आजूबाजूचे आवाज पाण्याखाली गेल्यासारखे लांब जात आणि बाबांचा आवाज जवळ येई. बाबा तलावाच्या काठावर उभे असत, गळ्यात शिट्टी, आणि समोर जीवरक्षक व्हायला आलेली मोठी मुलं. “बुडणारा माणूस ओरबाडतो,” बाबा सांगत. “मारतो, अंगावर चढतो, आपल्यालाच खाली ढकलतो. ते त्याला माफ असतं. आपण त्याच्याशी भांडायचं नाही, आणि त्याच्या मिठीतही सापडायचं नाही. हातभर लांब राहायचं. आधी आपला श्वास सोडायचा, मग त्याला हात द्यायचा.”

तिने श्वास सोडला.

“आवाज चढला माझा,” ती म्हणाली. “माफ करा. उत्तर पूर्ण करते, दोनच वाक्यं आहेत. ओरडणाऱ्या माणसाला आपल्या उत्तराआधी आपला सूर ऐकू येतो, हे मी तिथे शिकले. आणि इथे तो सूर कामाला येईल, असं मला वाटतं.”

“आत्ताच ऐकला तुमचा सूर.”

“हो. तो चुकला.”

पाळीप्रमुख वाट बघत होता. ती सारवासारव करेल, कारणं देईल, असं त्याला वाटलं असावं. ती गप्प राहिली. गप्प राहणं किती लांब असतं! खोलीतला पंखा फिरत होता. पडद्याच्या पट्ट्यांतून आलेलं ऊन त्याच्या मनगटावरून हळूहळू टेबलावर उतरत होतं, एखादं मांजर उतरावं तसं.

“बरं,” तो शेवटी म्हणाला. “फोन आला. पहिला प्रश्न काय विचाराल?”

“पत्ता.”

“चूक. माणूस मरतोय आणि तुम्ही पत्ता विचारणार? आधी काय झालंय ते विचारायला नको?”

त्याने ते इतक्या खात्रीने म्हटलं की क्षणभर तिच्या पायाखालची फरशी सरकली. मोठ्या आवाजात सांगितलेली चूकही खरी वाटते, हेही तिला दूरध्वनी कंपनीनेच शिकवलं होतं.

“पत्ताच,” ती म्हणाली. “मध्येच फोन तुटला तर निदान गाडी कुठे पाठवायची ते आपल्याला माहीत असतं. काय झालंय हे कळलं आणि कुठे ते कळलं नाही, तर काहीच करता येत नाही. पत्त्यानंतर त्यांचा फोन नंबर. मग काय झालं, माणूस शुद्धीवर आहे का, श्वास नीट चालू आहे का.”

“आणि तोवर तो मेला.”

“तोवर गाडी निघालेली असते. मी बोलत असताना शेजारचा माणूस गाडी पाठवतो. माझ्या प्रश्नांसाठी गाडी थांबत नाही. फोन करणाऱ्याला मात्र तसं वाटतं, म्हणून ते त्याला सांगावं लागतं.”

“कुठून पाठ केलंत?”

“अर्ज करण्याआधी वाचलं. काही ऐकून माहीत होतं.”

“ऐकून!” त्याने मोबाईल उताणा टाकला आणि पुढे झुकला. “ठीक. आता मी फोन केलाय. घ्या फोन.”

तिला कळायच्या आत त्याचा चेहरा बदलला. डोळे विस्फारले, श्वास धापेचा झाला. “हॅलो! हॅलो! अहो लवकर गाडी पाठवा, माझा भाऊ पडलाय!”

“पाठवते. पत्ता सांगा.”

“चौदा नंबर, पूल गल्ली! लवकर!”

“चौदा नंबर, पूल गल्ली. गाडी निघते आहे. तुमचा नंबर सांगा.”

“नंबर काय करायचाय तुम्हाला? लग्न ठरवायचंय का? भाऊ मरतोय माझा!”

“फोन तुटला तर मी तुम्हाला परत लावीन. नंबर सांगा.”

त्याने नंबर ओरडून सांगितला. तिने समोरच्या कागदावर लिहिला आणि वाचून दाखवला. भाऊ शुद्धीवर नाही, श्वास विचित्र, घरघरता आणि मध्ये मध्ये तुटणारा. तिने त्याला भावाला जमिनीवर उताणं ठेवायला सांगितलं, तळहाताचा मनगटाकडचा भाग छातीच्या मधोमध, दुसरा हात त्यावर.

“मला नाही येत ते!”

“मी सांगते. हात सरळ ठेवा आणि जोरात दाबा. माझ्याबरोबर मोजा. एक, दोन, तीन, चार...”

“तुम्ही बाई, गाडी पाठवलीच नाहीये! नुसत्या बडबडताय! नाव सांगा तुमचं, तक्रार करतो!”

“गाडी निघाली आहे. दाबत राहा. एक, दोन, तीन, चार. पत्ता एकदा परत सांगा.”

“एकदा सांगितला ना! बहिऱ्या आहात का? एकेचाळीस नंबर, पूल गल्ली!”

चौदा. एकेचाळीस.

तिचं पेन थांबलं. खोलीतला उजेडही थांबला असं तिला वाटलं. एकदा सांगितला ना! बहिऱ्या आहात का? हे शब्द तिला माहीत होते. हे तिचेच शब्द होते.

सात महिन्यांपूर्वी, सकाळी दहा वाजता, नव्या घराच्या स्वयंपाकघरात बाबा पाण्याचा पेला हातात धरून उभे होते, आणि नंतर उभे नव्हते. आई बाजारात गेली होती. ठिणगीने फोन लावला, आणि पलीकडून आलेल्या एका बाईंच्या आवाजाला पत्ता सांगितला. चोख सांगितला, घडाघडा, पिनकोडसकट. फक्त तो जुन्या घराचा होता. सव्वीस वर्षं ती त्या घरात राहिली होती. नव्या घरात येऊन आठ महिने झाले होते, आणि घाबरलेलं मन धावत जुन्या घरीच गेलं होतं. त्या आवाजाने पत्ता परत विचारला तेव्हा ती किंचाळली, एकदा सांगितला ना! आवाजाने थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. तिने तोच चुकीचा पत्ता पुन्हा सांगितला आणि वर शिवी दिली. ती शिवी आठवून तिला अजून कानकोंडं होई.

तो आवाज दुखावला नाही, की पुढे निघूनही गेला नाही. छाती दाबण्याचं मोजणं चालू ठेवून मध्येच म्हणाला, “पत्ता राहू दे. तुम्ही आत्ता आहात तिथून खिडकीतून काय दिसतं?”

तिने मान वळवली. खिडकीतून पाण्याची टाकी दिसत होती, निळी, तिच्यावर बसलेले दोन पक्षी. जुन्या घराच्या खिडकीतून टाकी कधीच दिसत नव्हती.

“हॅलो!” पाळीप्रमुख टेबलावर थाप मारून ओरडला. “मेलात का तुम्हीपण?”

“ऐकते आहे. दाबत राहा.” तिचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला, पण तो स्थिर होता. “आधी तुम्ही चौदा म्हणालात, आता एकेचाळीस.”

“चौदाच म्हणालो! मुळात एकेचाळीस म्हणालोच नाही! तुम्हीच घोळ घालताय!”

त्याच्याशी चौदा-एकेचाळीस खेळत बसणं म्हणजे बुडणाऱ्याच्या मिठीत सापडणं. ती हातभर लांब राहिली.

“नंबर राहू दे,” ती म्हणाली. “दाबणं थांबवू नका. तुम्ही आहात तिथून खिडकीतून काय दिसतं?”

पाळीप्रमुखाने तोंड उघडलं. पुढचं वाक्य त्याच्याकडे तयार होतं, ते दिसतच होतं. पण त्याने मान वळवली. खरंच वळवली, खोलीच्या खिडकीकडे. पडद्याच्या पट्ट्यांमधून तो बाहेर बघत राहिला आणि त्याच्या चेहऱ्यावरची ती धाप आपसूक उतरली.

“एक झाड,” तो म्हणाला. “आणि कुणीतरी चादरी वाळत घालतंय.”

बाहेरच्या चादरी वाऱ्याने फुगल्या असाव्यात, कारण खोलीत एकदम पांढरा उजेड आला आणि गेला.

मग तो भानावर आला आणि पुन्हा पाळीप्रमुख झाला. “हे आमच्या कागदावर नाही. जवळची खूण विचारा, असं असतं. खिडकी कुठून काढलीत?”

आता खोटं बोलता आलं असतं. कुठेतरी वाचलं म्हटलं असतं तर चाललं असतं. ही गोष्ट तिने आईला सांगितली नव्हती, दादाला सांगितली नव्हती. गाडी आधी जुन्या घराकडे वळली होती हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

“तुमच्याच कंट्रोल रूममधून,” ती म्हणाली. “सात महिन्यांपूर्वी माझे वडील पडले. मी फोन केला आणि जुन्या घराचा पत्ता दिला. दोनदा. तुमच्याकडच्या एका बाईंनी मला खिडकी विचारली.”

“म्हणजे स्वतःच्या बापाचा पत्ता तुम्हाला सांगता आला नाही.”

“नाही आला.”

“आणि तुम्ही इथे बसून लोकांचे पत्ते घेणार.”

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. तिची गुडघ्यापर्यंत आली, पोटापर्यंत आली. तिथे तिने तिला थांबू दिलं. विझवली नाही, पण बोलूही दिलं नाही. त्याच्या वाक्यात वाईट काय होतं आणि खरं काय होतं, हे तिने शांतपणे वेगळं केलं, आणि खऱ्याला तेवढं उत्तर दिलं.

“हो. माणूस स्वतःच्या घराचा पत्ताही चुकू शकतो, हे मला आता कुणी सांगावं लागणार नाही. म्हणून मी परत विचारीन. त्याने शिवी दिली तरी परत विचारीन.”

“वाचले का वडील?”

“अकरा दिवस.”

“म्हणजे नाही.”

पिकल्या केसांच्या बाईंनी पेन खाली ठेवलं. पाळीप्रमुखाकडे त्यांनी असं पाहिलं की त्या काही बोलणार असं वाटलं, पण त्या बोलल्या नाहीत.

अकरा दिवस. दवाखान्याच्या त्या पांढऱ्या खोलीत दुपारी उन्हाचे तुकडे पांघरुणावर तरंगत असत. चौथ्या दिवशी बाबा नीट बोलायला लागले आणि पहिलं वाक्य बोलले ते हे, “ठिणगे, बरगड्या मोडल्यास माझ्या.” ती रडायला लागली तर म्हणाले, “अगं, शाबासकी देतोय. हलक्या हाताने कुणी वाचत नाही.” सातव्या दिवशी आईला म्हणाले, नव्या घरात करमत नव्हतं मला, तुला बोललो नाही. आई म्हणाली, मलाही. मग दोघं बराच वेळ एकमेकांचा हात धरून जुन्या घराच्या उंबऱ्याला नावं ठेवत बसले, कुणाला कितीदा ठेच लागली याचा हिशेब करत. दहाव्या दिवशी दादाने त्यांची दाढी केली. हे सगळं ‘नाही’ या एका शब्दात कसं बसवायचं?

“अकरा दिवस,” ती पुन्हा म्हणाली. आवाज चढला नाही, पडलाही नाही. “ते आम्हाला मिळाले. त्या बाई पहिल्या शिवीला चिडल्या असत्या, तर एकही मिळाला नसता.”

पाळीप्रमुख तिच्याकडे बघत राहिला. आपल्याला घाई नाही, हे तिच्या ध्यानात आलं आणि तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. खोली पुन्हा तळाशी गेली होती, हिरवी, शांत, आणि छातीत अजून हवा शिल्लक होती.

“बाहेर बसा,” तो म्हणाला.

बोळात ती बाकावर बसली नाही. टोकाला एक खिडकी होती, तिथे जाऊन उभी राहिली. बऱ्याच वेळाने पावलं आली. पिकल्या केसांच्या बाई होत्या, हातात कागद. त्यांनी आत एक शब्दही उच्चारला नव्हता. सबंध मुलाखतभर तिच्या मनाचा एक कान त्यांच्याकडे लागून होता, की या बोलतील आणि आवाज तोच निघेल.

“त्यांचं मनावर घेऊ नका,” बाई म्हणाल्या. आवाज घोगरा होता, वेगळाच. तो नव्हता. “असं वागायचं हे आमचं आधीच ठरलेलं असतं. सगळ्यांशीच. तोडायचं, खोटं पाडायचं, चिडवायचं. चिडलात याचे गुण जात नाहीत. चिडल्यावर काय केलंत ते आम्ही बघतो. पण शेवटचं ते वडिलांचं ठरलेल्यातलं नव्हतं. तिथे ते घसरले. मी त्यांना ते सांगितलंय, आणि ते स्वतः येऊन तुम्हाला सॉरी म्हणणार आहेत. तेवढं धाडस गोळा करतायत.”

ठिणगीला हसू आलं. “राहू दे. कळलं मला.”

“राहू नका देऊ. म्हणू दे.” बाईंनी कागद पुढे केला. “सोमवारी सकाळी सात. पहिले दोन आठवडे हेडफोन कानाला लावून फक्त ऐकायचं. तोंडातून ब्र काढायचा नाही. जमेल?”

“घरी कुणाचा विश्वास बसणार नाही.”

“आणि तुम्हाला ज्यांनी खिडकी विचारली, त्या हल्ली दुपारच्या पाळीला असतात. हवं तर ओळख करून देते.”

ती विचारात पडली. भिंतीपलीकडून ती लय येत होती, अनेक आवाजांची, एकमेकांत मिसळलेली. “आत्ता नको,” ती म्हणाली. “आधी ऐकते.”

बाई गेल्या. पर्समधला फोन वाजला. आई होती. आईचा फोन म्हणजे आधी ओरडणं, मग हॅलो.

“अगं कधीची वाट बघतेय! झालं का? ओरडलीस ना त्यांच्यावर? खरं सांग.”

“एकदा ओरडले.”

“झालं मग! तरी मी सांगत होते...”

“आई, मिळाली नोकरी.”

मग आई म्हणाली, “यांना सांगायला हवं होतं.”

“आई, मला तुला एक सांगायचंय. बाबांच्या त्या दिवसाचं. पत्त्याचं.”

“आत्ता? फोनवर? घरी ये आधी. आहेस कुठे तू?”

ठिणगीने खिडकीबाहेर पाहिलं. खाली झाडापाशी कुणीतरी चादरी काढून घेत होतं, एकेक घडी घालत, सावकाश. चादरी आता वाळल्या होत्या.

“सांगते,” ती म्हणाली. “आधी तू सांग, घरीच आहेस ना? खिडकीतून टाकी दिसतेय?”